खालच्या अडीचशे पिक्सेलांची कटकट

नाट्यप्रयोगाचे १०८० बाय १३५० पिक्सेलांचे पोस्टर इन्स्टाग्राम स्टोरीच्या १०८० बाय १९२० च्या उभ्या चौकटीत बसवणे मुळात अवघड नाही. वर आणि खाली, जिथे इन्स्टाग्रामच्या स्वतःच्या पट्ट्या येतात तिथे, प्रत्येकी सुमारे २५० पिक्सेल मोकळे सोडले, तर मध्ये १४२० उरतात आणि मूळ पोस्टर त्यात जसेच्या तसे मावते. परंतु आमच्या आयोजकांना 'रिकामी जागा' सहन होत नाही; त्यामुळे नाटकाचे नाव वर आणि तिकिटाचा मजकूर खाली ताणावा लागतो.

तोही मी वरून १६७० पिक्सेलांवर आखलेल्या मार्गदर्शक रेषेच्या वर नेमका बसवतो, आणि मग रात्री अकरा वाजता निरोप येतो, 'फक्त एक ओळ वाढवा.' मजकुराची चौकट वरच्या कडेला बांधलेली असल्यामुळे वाढलेली ओळ खालीच उतरते, सर्वांत शेवटी असलेला दूरध्वनी क्रमांक रेषेपलीकडे घसरतो आणि मोबाइलवर नेमका उत्तर लिहिण्याच्या पट्टीजवळ किंवा तिच्याखाली जातो. संगणकावर मांडणी करताना ती पट्टी नसतेच, म्हणून तिथे सारे निर्दोष दिसते.

आता मी ती चौकट तळाशी बांधतो, म्हणजे मजकूर वरच्या दिशेने वाढतो. मात्र काल चार ओळी वाढल्या, मजकूर थेट नायिकेच्या हनुवटीवर चढला, आणि आयोजकांनी विचारले, 'फोटो थोडा वर घेता येईल का?' वर तर नाटकाचे नाव आहे, महाराज!