स्टॅम्प ड्युटी कमी केली म्हणून तिजोरी भरली?

परवा सोसायटीच्या मीटिंगनंतर आमच्या मजल्यावरच्या काकांनी ठामपणे सांगितलं, "२०२० साली सरकारने स्टॅम्प ड्युटी ५ वरून २ टक्के केली आणि रजिस्ट्रेशनला रांगा लागल्या. कर कमी केला की महसूल वाढतो, हे मुंबईने सिद्ध केलंय." हे वाक्य मी गेली काही वर्षं सतत ऐकतोय. ते अर्धवट आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी घटना. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मुंबईत दर २ टक्के होता, जानेवारी ते मार्च २०२१ तो ३ टक्के झाला आणि एप्रिलपासून पुन्हा ५. डिसेंबर २०१९ मध्ये शहरात साधारण ६,४०० घरांची नोंदणी झाली होती. डिसेंबर २०२० मध्ये झाली साधारण १९,५००, म्हणजे तिप्पट. पाचाऐवजी दोन टक्के घेऊन महसूल तेवढाच राखायला व्यवहार अडीचपट व्हावे लागतात. घरांच्या किमती साधारण सारख्या धरल्या, तर त्या एका महिन्यात सरकार खरोखर फायद्यात होतं. इथवर काकांचं बरोबर आहे.

आता माझ्या मावसभावाचं बघा. बोरिवलीला एक कोटीचा फ्लॅट त्याने आधीच पसंत केला होता, पैशांची जुळवाजुळवही झाली होती. पुढच्या पाडव्याला करार करायचा असं मावशीच्या मनात होतं. सवलत संपतेय म्हटल्यावर त्याने डिसेंबरातच रजिस्ट्रेशन उरकलं. पाडव्याला त्याने पाच लाख भरले असते, डिसेंबरात दोन लाख भरले. सवलतीमुळे त्याने घर घेतलं नाही, फक्त तारीख बदलली, आणि सरकारचे तीन लाख गेले. हे तीन लाख भरून काढायला सवलतीशिवाय घर घेतलंच नसतं असे दीड नवे ग्राहक हवेत. म्हणजे मावसभावासारख्या दर दोन माणसांमागे तीन अगदी नवे खरेदीदार. डिसेंबरच्या रांगेत असे कितीजण होते, हे रांगेच्या लांबीवरून कळत नाही.

शिवाय त्या रांगेत लॉकडाऊनमुळे अडकलेले व्यवहार होते, गृहकर्जाचं व्याज सात टक्क्यांच्या आसपास उतरलं होतं. आणि दर ३ टक्के होताच जानेवारीत नोंदणी साधारण १०,४०० वर आली. शेवटच्या तारखेआधी उसळी, लगेच घसरण: व्यवहार पुढे ओढले गेल्याची खूण अशीच दिसते. म्हणून एकटा डिसेंबर न मोजता सवलतीचे सात महिने आणि त्यानंतरचं वर्ष एकत्र मोजायला हवं. त्यातही एक मेख आहे. ३१ मार्चपर्यंत शुल्क भरलेल्यांना नोंदणीसाठी चार महिने मिळत होते, त्यामुळे एप्रिलनंतरचे नोंदणीचे आकडेसुद्धा पूर्ण ५ टक्केवाल्यांचे नाहीत.

काकांचा युक्तिवाद मुळात अमेरिकी अर्थतज्ज्ञ आर्थर लाफर यांच्या वक्ररेषेचा. दर शून्य असेल तर महसूल शून्य, दर १०० टक्के असेल तरी जवळपास शून्य, कारण सगळंच जाणार असेल तर कमावेल किंवा दाखवेल कोण? म्हणजे मधे कुठेतरी महसुलाचं शिखर आहे. हे मला पूर्ण मान्य आहे. पण शिखर आहे एवढ्यावरून आपण त्याच्या पलीकडच्या उतारावर उभे आहोत असं ठरत नाही. करकपातीचे समर्थक नेमकी हीच पायरी गाळतात आणि मला राग येतो तो त्याचाच.

पलीकडचा उतार कसा असतो, ते आपल्याच देशात दिसलंय. १९७३-७४ मध्ये प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. त्या टप्प्यातल्या वरच्या शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये हातात राहायचे. पुढच्या वर्षी दर ७७ झाला आणि हातात २३ रुपये राहू लागले, जवळजवळ दहापट. महसूल टिकवायला त्या टप्प्यातलं दाखवलेलं उत्पन्न फक्त २७ टक्के वाढायला हवं होतं. इतका मोठा मोबदला असेल तर ते शक्य वाटतं. आता ३० टक्क्यांचा दर २५ करून बघा. हातात ७० ऐवजी ७५ राहतात, म्हणजे जेमतेम ७ टक्के जास्त, पण महसूल टिकवायला उत्पन्न २० टक्के वाढायला हवं. सात टक्क्यांच्या आमिषाला वीस टक्के प्रतिसाद कोण देणार? लोकांनी उत्पन्न लपवणं थांबवलं तर थोडं वाढेल, एवढं नक्कीच नाही.

घर स्वस्त व्हावं म्हणून स्टॅम्प ड्युटी कमी करा, असं कोणी म्हणालं तर मी पाठिंबा देईन. मुंबईत घर घेताना ते पाच लाख किती जड जातात, हे मी मावशीच्या घरी पाहिलंय. पण मग महसूल घटेल आणि तो दुसरीकडून आणावा लागेल, हेही त्याच दमात सांगा.

काकांना मी एकच विचारलं: हा २ टक्के दर कायमचा असता, तर मावसभाऊ डिसेंबरात कशाला धावला असता? त्याने पाडव्यालाच करार केला असता, दोनच लाख भरून.