सेल पाच सेकंद काढला, तरी स्क्रीन काळीच!

“बायोसमध्ये काही चुकीचं सेट झालं आणि स्क्रीन आलीच नाही, तर बोर्डवरचा गोल सेल पाच सेकंद काढून परत लावा. सगळं आपोआप पूर्ववत होतं, काही नुकसान नाही. तरीही स्क्रीन आली नाही तर समजा बोर्ड गेला.”

स्क्रीन गेली की हा सल्ला हमखास ऐकायला मिळतो, पण तो जसाच्या तसा घेऊ नका. आधी त्या पाच सेकंदांचं बघू. भिंतीतला प्लग चालू असेल तर सेल पाच तास काढून ठेवला तरी काही होणार नाही. कॉम्प्युटर बंद दिसत असला तरी एसएमपीएस पाच व्होल्टची स्टँडबाय लाइन चालूच ठेवतो, आणि बोर्डवरचं घड्याळ व बायोसची सेटिंग जपणाऱ्या छोट्या भागाला वीज तिथूनच मिळते. सेल फक्त ती लाइन बंद पडली की कामाला येतो. म्हणजे प्लग चालू ठेवून सेल काढणं म्हणजे घरात लाइट असताना इन्व्हर्टरची बॅटरी काढण्यासारखं आहे, कोणालाच काही फरक पडत नाही. पुष्कळ बोर्डांवर एक बारीक दिवा स्टँडबाय वीज दाखवतो. प्लग काढा, पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, दिवा विझू द्या, आणि मग सेल काढा. त्यानंतरही पाच सेकंदांवर भिस्त ठेवू नका. कपॅसिटरमध्ये उरलेली वीज संपायला वेळ लागतो, मी तर दहा-पंधरा मिनिटं चहा घेऊन येतो.

जंपर असेल तर सेलला हात लावायची गरजच नाही. बोर्डवर CLRTC, JBAT1 किंवा CLR_CMOS असं छापलेल्या दोन किंवा तीन पिना शोधा. प्लग काढलेला हवाच. दोन पिना असतील तर पाच-दहा सेकंद स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने जोडा. तीन असतील तर त्यांवरची छोटी टोपी १-२ वरून २-३ वर सरकवा आणि आठवणीने परत १-२ वर आणा. ती तिथेच राहिली तर बोर्ड चालूच होणार नाही, किंवा दर वेळी सेटिंग पुसलं जाईल. पिनांची जागा मॅन्युअलमध्ये बघूनच ठरवा, कारण शेजारी यूएसबीच्या पाच व्होल्टच्या पिना असू शकतात.

“तरीही काळी म्हणजे बोर्ड गेला” हे मात्र मला सगळ्यात खटकतं. माझ्या मावसभावाच्या बाबतीत अगदी हेच झालं. विंडोज ११ साठी त्याने CSM, म्हणजे जुन्या बायोस पद्धतीने चालण्याची सोय, बंद केलं आणि रीस्टार्ट केल्यावर स्क्रीन गेली. त्याचं ग्राफिक्स कार्ड जुनं, यूईएफआय पद्धतीने चित्र दाखवणारा कोड त्यात नव्हता. त्याने तीन वेळा सेल काढला, तोही प्लग चालू ठेवून. दुकानातून “नवा बोर्ड घ्या” असा सल्ला आला. मी प्लग काढून जंपरने रीसेट केलं, स्क्रीन लगेच आली. तारीख मागे गेलेली होती, त्यावरून रीसेट खरंच झालंय हे कळलं. त्याच्या बोर्डवर CSM मुळात चालू होतं, म्हणून जमलं. नव्या बोर्डांवर ते मुळातच बंद असतं. तिथे रीसेट केलं तरी जुन्या कार्डावर स्क्रीन काळीच राहते, आणि बोर्ड ठणठणीत असतो! मग केबल बोर्डच्या स्वतःच्या पोर्टला लावून बघायची (प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर), नाहीतर एखादं नवं कार्ड उसनं आणायचं.

दुसरं म्हणजे डीडीआर५ च्या बोर्डांवर रीसेटनंतर मेमरीची जुळणी नव्याने होते. तेवढा वेळ, कधी कधी काही मिनिटं, स्क्रीन काळी असते आणि पंखे फिरत असतात. घाबरून मध्येच वीज बंद केली तर पुन्हा पहिल्यापासून. दहा मिनिटं थांबा.

लॅपटॉपला हे सगळं जसंच्या तसं लागू नाही. तिथे मुख्य बॅटरीही सोडवावी लागते, आणि बायोसचा पासवर्ड तर बहुतेक वेळा असा पुसलाच जात नाही.

राहिलं “काही नुकसान नाही”. फाइली जात नाहीत, हे खरं. पण डिस्क कंट्रोलर आधी RAID मोडवर असेल आणि रीसेटने AHCI मोडवर आला, तर विंडोज INACCESSIBLE_BOOT_DEVICE दाखवून थांबतं. फॉरमॅट करू नका, बायोसमध्ये पूर्वीचा मोड परत निवडा. विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, ४८ अंकी. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का, हे सेल काढण्याआधी मोबाइलवर बघून घ्या.