घराचा पत्ता जगजाहीर झालाय? मग तक्रार अशी करा

पार्किंगवरून झालेल्या भांडणाचा व्हिडिओ आमच्या एका हौशी शेजाऱ्याने त्याच्या यूट्यूब चॅनेलवर टाकला. भांडण दोघांचं, पण दारावरची पाटी माझी. नाव, फ्लॅट नंबर, सगळं लख्ख दिसतंय. तुमच्यावरही अशी कृपा झाली असेल तर घाबरू नका. पुढील सल्ले पाळा.

सगळ्यात आधी व्हिडिओखाली कॉमेंट टाका: 'हे माझं घर आहे, कृपया काढा.' तोवर बघणाऱ्यांना नुसती शंका असते, तुम्ही शिक्कामोर्तब करून द्या.

मग लिंक सगळ्या ग्रुपवर पाठवा आणि 'रिपोर्ट करा' म्हणा. सगळे आधी व्हिडिओ शेवटपर्यंत बघतील. रिपोर्टच्या संख्येवर व्हिडिओ उडत नाही, पण व्ह्यूज मात्र वाढतात.

कारण म्हणून 'स्पॅम' निवडा. गोपनीयतेच्या तक्रारीचा वेगळा फॉर्म असतो, पण तो शोधण्यात वेळ कशाला घालवायचा?

फॉर्म सापडलाच तर पत्ता कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला दिसतो हे विचारतात. तिथे एकच वेळ लिहा. म्हणजे तेवढंच झाकलं जाईल. मी मात्र तिन्ही लिहिल्या: ०:४२ ला गेटवरचा बोर्ड, २:१५ ला पाटी, ४:०८ ला दारात पडलेल्या पार्सलवरचं लेबल. मग व्हिडिओ टाकणाऱ्याला ४८ तासांची मुदत मिळते, 'तूच काढ बाबा' म्हणून. त्या मुदतीत व्हिडिओ अर्थातच चालूच. आमच्या शेजाऱ्याने मुदतीत पाटी तेवढी पुसट केली. लेबल तसंच! झूम केलं की पिनकोडसकट वाचता येतं. विचारलं तर म्हणे, 'पुन्हा अपलोड करावं लागेल, व्ह्यूज जातील.' कसले जातील? तिथल्याच एडिटरमध्ये हवी ती चौकट पुसट करता येते, लिंक तीच, व्ह्यूज तेच. मग मी पुन्हा तक्रार केली, तेव्हा महाशयांनी व्हिडिओ प्रायव्हेट केला आणि माझ्या तक्रारीवर 'निकाली' शेरा पडताच परत पब्लिक! प्रायव्हेट करणं म्हणजे काढणं नव्हे, हे यूट्यूबच्याच नियमांत लिहिलंय. ते वाचायचं कोणी? मीच?

शेवटचा सल्ला: दुसऱ्या कोणी तोच तुकडा शॉर्ट म्हणून टाकला असेल तर ती लिंक तक्रारीत लिहू नका. प्रत्येक लिंकची वेगळी दखल घेतात, उगाच त्यांना काम लागेल.

बस झालं आता. अरे, लोकांच्या दारापर्यंत कॅमेरा घेऊन जाता, मग तिथली पाटी झाकायला हात का आखडतो? आणि तक्रारी वाचणाऱ्यांनो, व्हिडिओतली तीन ठिकाणं लिहून दिली असतील तर तिन्ही बघा. शेरा मारण्याआधी व्हिडिओ उघडा, ४:०८ वर थांबवा आणि माझा पिनकोड वाचता येतो का ते सांगा.