लाल टॉर्च आणि हजार शब्द

इकॉलॉजीच्या एमएस्सीसाठी एसओपी लिहायचं होतं, म्हणजे ‘हाच विषय का?’ हे हजार शब्दांत सांगायचं. पहिल्या वाक्याला तीन दिवस लागले : ‘समुद्राची गाज ऐकतच मी लहानाची मोठी झाले.’ पण तीच गाज ऐकून माझे दोन चुलतभाऊही मोठे झाले. एक आंब्याच्या पेट्या भरतो, दुसरा पुण्यात कर्जवसुली करतो. वाक्य खोडलं.

मग उरला कासवांच्या हॅचरीतला एक हंगाम. किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेचं घरटं सापडलं की अंडी न उलटवता अलगद काढायची आणि कुंपणातल्या वाळूत दीडेक फूट खोल खड्ड्यात पुन्हा ठेवायची. एका घरट्यात शंभरेक अंडी. माझ्या वहीत अशा चोवीस घरट्यांच्या तारखा होत्या, शिवाय कालवणाचा एक डाग.

वही चाळताना घबाड सापडलं! सुरूच्या सावलीतल्या रांगेतली पिल्लं सरासरी 57 दिवसांनी वर आली होती, उन्हातली 50 दिवसांनी. कासवाचं पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं. गरम वाळूत पिल्लं लवकर वर येतात आणि माद्या जास्त. मी ठोकून दिलं : ‘सावलीमुळे नर वाढतात हे मी सिद्ध केलं.’

हॅचरी सांभाळणाऱ्या काकांना वाचून दाखवलं.

‘‘सावलीतली रांग कधी भरली गो आपण?’’

‘‘जानेवारीत.’’

‘‘नि उन्हातली?’’

‘‘मार्चात.’’

‘‘मग मार्चात वाळू अशीच तापते, त्याला सुरू काय करणार?’’

मी गप्प. सात दिवसांचा फरक सावलीचा की महिन्याचा, हे माझी वही सांगूच शकत नव्हती. वाळूत थर्मामीटर मी एकदाही पुरला नव्हता. आणि पिल्लू नर की मादी हे बाहेरून बघून कळतच नाही, तेव्हा ते ‘सिद्ध’ तर निव्वळ थाप होती.

ती थाप खोडली आणि तिच्या जागी काय चुकलं तेच लिहिलं. पुढच्या वेळी एकाच आठवड्यातली घरटी चिठ्ठ्या टाकून निम्मी सावलीत, निम्मी उन्हात ठेवायची, अंड्यांच्या खोलीवर तापमान नोंदणारं यंत्र पुरायचं. आणि एवढ्या थोड्या घरट्यांवरून काय म्हणता येतं नि काय नाही, हे शिकायला मला तुमच्याकडे यायचंय. तीन दिवस अडलेलं घोडं अर्ध्या तासात गंगेत न्हालं.

काका अजून बसूनच होते. ‘‘‘चोवीस घरटी मी हलवली’ असं लिवलंस ना?’’

‘‘हो.’’

‘‘तू?’’

मी ‘आम्ही’ केलं. काकांची मान हलेना. शेवटी खरं ते लिहिलं : सहा मी हलवली, अठरा वेळा लाल टॉर्च धरला.

शब्द मोजले, तर एक हजार एक. मी ‘अलगद’ काढून टाकला. काकांनी तो परत घालायला लावला.