पपईच्या सलाडात मासळी कुठून आली?

«भाऊ, थायलंडच्या जेवणात न सांगता मासळी असते म्हणून मागच्या लेखात तुम्ही उगाच घाबरवलं. आई माळकरी आहे, गावच्या मंडळींसोबत थायलंडला चालली. मेनूचा फोटो काढला की मोबाईल सगळं मराठीत सांगते. कच्च्या पपईच्या सलाडात मासळी कुठून येईन? सोबत पोरगा आहे, त्याला शेंगदाणा चालत नाही, तेही समजतेच.»

भाऊ, मोबाईल मेनू बरोबर वाचते, पण मेनूत असते तेवढंच वाचते. आपल्या वऱ्हाडातल्या खानावळीच्या पाटीवर ‘वांग्याची भाजी’ असते, त्यातला शेंगदाण्याचा कूट कोण लिहिते? तिकडेही तसंच आहे.

तुम्ही विचारलेलं सलाड म्हणजे सोम ताम. मिरची, लसूण, चवळीसारख्या लांब शेंगा, टमाटर, लिंबू, ताडगूळ आणि किसलेली कच्ची पपई खलात कुटतात. नेहमीच्या ‘सोम ताम थाय’मध्ये सुकी कोळंबी आणि शेंगदाणे पडतात, आणि खारटपणा मिठाचा नसतो, तो नाम प्लाचा, म्हणजे मासळी आंबवून काढलेल्या पाण्याचा असतो. फोटोवरून मात्र ‘पपई सलाड’ एवढंच येते. आईसाठी आणि पोरासाठी, दोघांसाठीही ते ताट धोक्याचं आहे.

तरी सोम तामात एक सोय आहे. ते मागणीनुसार समोरच कुटतात, म्हणून बदलता येते. ‘माय साय नाम प्ला, माय साय कुंग हेंग’ म्हणजे नाम प्ला नको, सुकी कोळंबी नको. मीठ किंवा सोया सॉस घालून देतात. पण खल तोच असतो, आधीच्या गिऱ्हाइकाची मासळी त्याला लागलेली असते. माळ पाळणाऱ्या माणसानं खल धुऊन घ्यायला सांगावं, नाहीतर ते ताट सोडावं. पोराचं तर धुऊनही भागत नाही, शेंगदाण्याचा कण राहू शकतो. त्याच्यासाठी सोम ताम नकोच.

हिरव्या किंवा लाल करीचं तसं नाही. तिच्या वाटणातच बहुधा कापी, म्हणजे आंबवलेली कोळंबी असते. ते वाटण आधीच तयार असते, ‘मटण नको’ म्हटल्यानं कोळंबी निघत नाही. फुलकोबी-गाजर परतून देतात, त्यातही बरेचदा ऑयस्टर सॉस असतो, तो कालवांचा.

म्हणून आईसाठी पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेलं दुकान शोधा. ती खूण इंग्रजी 17 सारखी दिसते. तिथं मांस, मासळी, अंडं, दूध काहीच नसते, कांदा-लसूणही नसते. नुसतं ‘शाकाहारी’ म्हटलं तर अंडं येऊ शकते.

पण पोराला ‘जे’वर सोडू नका. तिथं शेंगदाणा चालतो, सोया आणि गव्हाचं नकली मांसही असते. ‘पे थुआ लिसोंग’, म्हणजे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, हे थाई लिपीत हॉटेलवाल्याकडून कागदावर लिहून घ्या आणि मागवायच्या आधी स्वयंपाक्याच्या हातात द्या.