घरातले चोवीस चिमटे

मी सिव्हिल इंजिनीअर आहे. एवढं एक वाक्य मुलीच्या शाळेत कुणाच्या तरी कानावर गेलं आणि तिथून सगळं सुरू झालं. गेली अठरा वर्षं मी ठेकेदारांची बिलं तपासतो. पुलाशी माझा संबंध इतकाच की त्याच्या बिलात दोनदा धरलेली खडी मला लगेच दिसते. पण सातवीतल्या मुलीला हे सांगायचं कसं? ती वर्गात सांगून आली होती, "माझे बाबा पूलच बांधतात."

शाळेचा पुलाचा प्रोजेक्ट होता. अट अशी होती: आइस्क्रीमच्या काड्या जास्तीत जास्त शंभर, दोन बाकांमध्ये चाळीस सेंटिमीटर अंतर, आणि मध्यावर टांगलेलं दहा किलो वजन पेललं पाहिजे. दिवस जुलैचे. हे महत्त्वाचं आहे, पुढे कळेल.

स्टेशनरीच्या दुकानातून शंभर काड्यांचं पाकीट आणलं. काडी साडेअकरा सेंटिमीटरला जरा कमी लांब, एक सेंटिमीटर रुंद, दोन मिलिमीटर जाड. त्यातल्या अकरा काड्या केळ्यासारख्या वाकड्या निघाल्या. आई म्हणाली, "त्यापेक्षा शंभर कुल्फ्या आणल्या असत्यास तर चार दिवस सगळ्यांची सोय झाली असती."

ट्रस म्हणजे आपल्या कौलारू घरातली छपराची कैची. चार काड्यांचा चौकोन करून कोपरा दाबला तर तो आडवा पडतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र काडी मोडेपर्यंत जागचा हलत नाही. सगळी विद्या एवढीच. मला आधी प्रॅटची कैची करायची होती, कारण ती 1844 साली अमेरिकेत थॉमस प्रॅट आणि त्याचे वडील केलेब यांनी मिळून पेटंट केली. बापलेकांचा प्रोजेक्ट! मी ही गोष्ट मुलीला मोठ्या भावनेने सांगितली. तिने विचारलं, "मग पेटंटवर मार्क कुणाला मिळाले?"

प्रॅटच्या कैचीत उभ्या काड्या असतात आणि चौकोनाच्या कोपऱ्यातून तिरक्या काड्या जातात. दहा सेंटिमीटरचा चौकोन धरला तर तिरकी काडी चौदा सेंटिमीटरची लागते. आपली काडी साडेअकराची. मग चौकोन लहान करू म्हटलं, तर उभ्या काड्या कापाव्या लागणार. त्यासाठी आईचा अडकित्ता उचलला. अडकित्ता सुपारीला योग्य आहे. काडी त्यात कापली जात नाही, उभी चिरते. तीन काड्या आणि आईची माझ्याबद्दलची उरलीसुरली भीड तिथे संपली.

शेवटी वॉरनची कैची घेतली. जेम्स वॉरन हा इंग्रज, त्याचं पेटंट 1848 चं. तिच्यात फक्त समभुज त्रिकोण, एक सुलटा एक उलटा, म्हणजे सगळ्या काड्या एकाच मापाच्या आणि कापाकापी नाही. ग्राफपेपरवर गाठी, म्हणजे काड्या जिथे जुळतात त्या जागा, खाली दहा-दहा सेंटिमीटरवर पाच काढल्या, वर चार. उंची साडेआठ सेंटिमीटरच्या थोडी वर. आधी मी खाली सहा गाठी काढल्या होत्या. तेव्हा मुलीनेच दाखवलं की वजनाची बादली टांगायचा हूक गाठीवर न येता काडीच्या पोटावर येतोय. गाठीवरचं वजन काड्यांमध्ये ओढ आणि दाब होऊन वाटलं जातं. पोटावरचं वजन काडीला नुसतं वाकवतं. मी म्हटलं, "तेच तपासत होतो, तुझं लक्ष आहे का ते."

आता गोंद. पहिला पूल ग्लू गनने बांधला, कारण तो चाळीस मिनिटांत झाला आणि मला मॅच बघायची होती. दिसायला उत्तम. न्हाणीघरात दोन स्टुलांवर ठेवला, बादली टांगली आणि लीटरच्या मापाने पाणी ओतायला लागलो. लीटरला एक किलो, हिशेब सोपा. पाचव्या लीटरला काही मोडलं नाही, काही वाजलं नाही. गाठी नुसत्या सरकायला लागल्या. एकावर एक चिकटवलेल्या काड्या पिझ्झ्यावरच्या चीजसारख्या तार सोडत सावकाश वेगळ्या झाल्या आणि पूल अदबीने खाली बसला. गरम गोंद लाकडात मुरत नाही. त्याचा जाड, रबरासारखा थर मध्ये राहतो आणि ओझं टिकून राहिलं की तो ताणत जातो.

पाच रुपयांच्या झटपट चिकटणाऱ्या ट्यूबचा प्रयोगही केला. त्यात माझी तर्जनी आणि खालची तिसरी गाठ एक जीव झाले. तो सांधा वाळला की कडक आणि ठिसूळ होतो. सरळ ओढलं तर धरतो, पण वाकडा झटका बसला की टचकन सुटतो. माझं बोट मात्र सुटलं नाही.

सोसायटीत कपाटांचं काम करायला आलेल्या सुतारकाकांना विचारलं. त्यांनी पुलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "साहेब, फेविकॉल पातळ लावा, दाबून ठेवा आणि झोपा." पुढच्या आठवड्यातला माझा सगळा अभ्यास या वाक्यावरची टीका आहे.

पातळ लावा, म्हणजे दोन्ही तोंडांना कागदाएवढा थर. पांढरा गोंद लाकडाच्या रेषांत शिरतो. दाब दिला की कडेने बारीक मोत्यांची माळ बाहेर येते. माळ आली तर समजायचं बरोबर आहे. काहीच आलं नाही तर सांधा उपाशी आहे, आणि ओघळ आला तर तुम्ही खीर वाढताय. नीट वाळलेला सांधा मी मुद्दाम उचकटून पाहिला. गोंद सुटलाच नाही, काडीचाच पापुद्रा निघून आला. म्हणजे आता सांध्याची काळजी मिटली, काडीची करायची.

दाबून ठेवा, म्हणजे चिमटे. पुलाच्या दोन बाजूंना दोन कैच्या. एका कैचीला नऊ गाठी, प्रत्येक गाठीला दोन, झाले अठरा. एक लावला तर काडी त्याच्याभोवती घड्याळाच्या काट्यासारखी फिरते. ओल्या गोंदावर काडी साबणासारखी घसरते, म्हणून आधी काड्या जुळवून मिनिट-दोन मिनिटं हाताने धरायच्या, गोंदाने जरा पकड घेतली की मगच चिमटा, आणि पुन्हा ग्राफपेपरशी ताडून पाहायचं. घरात एकूण चिमटे चोवीस. बायको संध्याकाळी गॅलरीत गेली आणि तिथूनच विचारलं, "अहो, दोरीवरचे चिमटे कुठे गेले?" मी म्हटलं, "बांधकामावर आहेत." जुलैचा वारा काय असतो ते त्या रात्री कळलं. सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू माझा बनियन दोन बोटांत धरून दारात उभ्या होत्या.

आणि झोपा, म्हणजे खरोखरच झोपा. उन्हाळ्यात हाच गोंद दोन तासांत हाताळण्याजोगा होतो. पावसाळी हवेत तो रात्रभर पांढराच राहिला. पारदर्शक होत नाही तोवर आत ओल आहे. मी चार तासांत चिमटे काढले आणि गाठी उघडल्या. दुसऱ्या खेपेला चोवीस तास थांबलो. खाली वर्तमानपत्र अंथरलं होतं, ते कैचीला कायमचं चिकटलं. एका बाजूने पूल, दुसऱ्या बाजूने "वधू पाहिजे, उंच, गोरी, नोकरी करणारी." तेव्हापासून दुधाच्या रिकाम्या पिशव्या कापून, धुऊन अंथरतो, त्यांना हा गोंद धरत नाही.

एवढं सगळं करून दुसरा पूल सातव्या लीटरला गेला. या वेळी एकही सांधा सुटला नाही. वरची पट्टी हळूच एका बाजूला कलली, पोट काढलं, आणि कडकन मोडली. मी खाली बघत होतो, मोडला वरून.

रात्री आकडेमोड केली. अठरा वर्षांनी केली, पण जमली. दहा किलो म्हणजे एका कैचीवर पाच, प्रत्येक टेकूवर अडीच. मध्यावर अडीच गुणिले वीस सेंटिमीटर, भागिले उंची. वरच्या मधल्या काडीवर जवळपास पावणेसहा किलोचा दाब. खालच्या पट्टीत सव्वाचार किलोची ओढ, पण ओढीची चिंता नाही: काडी दोन हातांनी ओढून तोडून दाखवा. दाबाचं तसं नसतं. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर काडी उभी धरली आणि अंगठ्याने दाबत गेलो. काटा पाचच्या आसपास आला आणि काडी धनुष्यासारखी बाहेर आली, तीही नेहमी चपट्या बाजूनेच. पूल याच बाजूने गेला होता.

यावर इलाज दोन. दोन काड्या एकमेकींवर पूर्ण लांबीभर चिकटवायच्या. नुसत्या ठेवल्या तर जोर दुप्पट, चिकटवल्या तर वाकायला विरोध आठपट, कारण तो जाडीच्या घनाने वाढतो. जोड मात्र विटांच्या थरासारखे, एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत. दुसरा इलाज: दोन्ही कैच्या वरून एकमेकींना बांधायच्या, आडव्या काड्यांनी आणि तिरक्या काड्यांनीही, नाहीतर दोघी हातात हात घालून एकाच बाजूला कलतात. कैच्यांत पाच सेंटिमीटर अंतर ठेवलं की तिरकी काडी न कापता बरोबर बसते. मला याचा इतका आनंद झाला की मी बायकोला झोपेतून उठवून सांगितलं. तिने विचारलं, "चिमटे कधी मिळणार?"

तिसरा पूल सत्त्याऐंशी काड्यांचा झाला. वरच्या पट्ट्यांना ऑफिसातल्या फायलींच्या बाइंडर क्लिपा लावल्या, तीन ठेकेदारांची बिलं त्या आठवड्यात सुटी फिरत होती. क्लिपेचे जबडे मऊ लाकडात रुततात, म्हणून मोडक्या पुलांचे तुकडे मध्ये घातले. घरी दहा लीटरला पूल हललासुद्धा नाही. अकराव्याला मुलीने बादली काढून घेतली. "बाबा, पुरे. हा माझा पूल आहे."

शाळेच्या दिवशी सकाळी चिमटे काढताना तेवीसच निघाले. चोविसावा, निळा, वरच्या दुसऱ्या गाठीवर गोंदाच्या ओघळात पक्का बसला होता. ओढला तर काडीचा पापुद्रा निघायला लागला. तसाच पाठवला.

संध्याकाळी मुलगी आली. दहा किलो पेललं, वर वर्गातल्या चार दप्तरांचा भारही घेतला. बाईंनी फक्त एक विचारलं: "हे निळं काय आहे गं?"

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, टोलनाका."

आई मान हलवत म्हणाली, "अगदी बापावर गेलीय." दोरीवर तेवीस चिमटे आहेत. चोविसाव्या कपड्याच्या जागी माझा बनियन असतो. खालच्या काकू हल्ली बेल वाजवत नाहीत, दाराच्या कडीला अडकवून जातात.