कासादो आणि काथादो

माझ्या स्वतःच्या लग्नात उखाणा घ्यायचा होता, तेव्हा मी आधी घास खाल्ला आणि मग 'तोंडात घास आहे' अशी खूण केली. असा माणूस स्पेनमधल्या लग्नात, दीडशे पाहुण्यांसमोर, स्पॅनिशमध्ये ब्रिंदिस करायला उभा राहिला. ब्रिंदिस म्हणजे हातात पेला धरून वधूवरांना चार शब्दांत शुभेच्छा द्यायच्या आणि मग सगळ्यांनी प्यायचं. हे काम माझ्या गळ्यात टाकलं वायादोलिदमधल्या ऑफिसातल्या मित्राने. त्याचंच लग्न होतं, त्यामुळे नाही म्हणता येईना.

वायादोलिदला येताना मी पुण्यात दोन वर्षं स्पॅनिश शिकून आलो होतो. पण आमच्या सरांचे उच्चार मेक्सिकोचे. तिथे c आणि z दोन्हींचा साधा 'स' होतो. आभार मानायचे तर 'ग्रासियास'. इथे वायादोलिदला तेच 'ग्राथियास'. हा थ आपल्या थालीपीठातला नव्हे. जिभेचं टोक दातांच्या फटीत आणून नुसती हवा सोडायची, पुढचे दोन दात पडलेलं पोर बोलतं तसं. आणि स्पेनमध्ये वायादोलिदच्या लोकांना आपल्या शुद्ध बोलण्याचा अभिमान. म्हणजे पुण्यातून निघून मी पुन्हा पुण्यातच येऊन पडलो होतो.

भाषणाचा पहिला मसुदा घरमालकीणबाईंना दाखवला. बाई सत्तरीच्या. मला 'इखो', म्हणजे बाळा म्हणतात. पहिली ओळ वाचून त्यांनी चष्मा काढला. 'मी फार एक्साइट झालोय' असं इंग्रजीवरून बेतून मी 'एक्सितादो' लिहिलं होतं. त्याचा स्पॅनिश अर्थ लग्नाच्या रात्रीपुरता आणि फक्त नवऱ्याला शोभेल असा आहे. तिथे 'एमोसियोनादो' हवं. बाईंनी दुरुस्त केलं, आणि वर c खाली रेघ मारून 'थ' म्हणून दाखवलं.

पुढची अडचण शुभेच्छेची. 'तुम्ही सुखी आहात' याला 'सोइस फेलीथेस', पण 'तुम्ही सुखी होवोत' म्हणायचं तर 'के सेआइस फेलीथेस'. क्रियापदाचं रूपच बदलतं. ही रूपं पुण्यात मला कधी उमगली नव्हती. बाई म्हणाल्या, "इच्छा सांगतोस ना, बाळा, घडलेलं नाही सांगत." तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे हे आहेच की! होवो, येवो, लाभो. अडचण इतकीच की मराठीत हे रूप माझ्या कानावर सगळ्यात जास्त पडलंय ते 'मृताच्या आत्म्यास शांती लाभो' या वाक्यात. त्यामुळे सराव करायला बसल्यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते 'के देस्कान्सेइस एन पाथ'. व्याकरण अगदी बिनचूक. अर्थ: 'तुम्हा उभयतांना चिरशांती लाभो'. बाईंनी छातीवर क्रूस काढला.

मग त्यांनी मला दोन गोष्टी दिल्या. एक म्हण: 'एल कासादो, कासा किएरे'. लग्न झालेल्याला स्वतःचं घर हवं, म्हणजेच वेगळी चूल. आणि दुसरी गोष्ट, भाषणाचा शेवट. स्पॅनिश गोष्टींचा शेवट 'फुएरोन फेलीथेस इ कोमिएरोन पेर्दीथेस' असा होतो. ते सुखाने राहिले आणि त्यांनी तित्तिर खाल्ले. आपल्या 'साठा उत्तराची कहाणी'सारखंच, फक्त सामिष. तित्तिरच का, तर फेलीथेसशी यमक जुळतं म्हणून. मला हे फार आवडलं. यमकासाठी पक्ष्याचा जीव घेणारी भाषा आपलीच वाटली.

त्यांनी एक युक्तीही सांगितली. मध्येच अडलास तर पेला वर कर आणि ओरड, 'बीबान लोस नोबियोस!' वधूवर चिरायू होवोत. सगळा मांडव 'बीबान!' म्हणून ओरडतो, तेवढ्यात पुढचं वाक्य आठवतं. आपण 'गणपती बाप्पा' म्हणायचं, 'मोरया' लोक बघून घेतात.

लग्न पेन्याफिएलजवळच्या एका द्राक्षमळ्यात होतं. वर टेकडीवर लांबट जहाजासारखा किल्ला, खाली वाइनचं तळघर. जेवणात मातीच्या कुंडीत भाजलेलं दूधपित्या कोकराचं मटण, लेचाथो. रात्रीचे साडेअकरा झाले तरी केक दिसेना. मी त्या वेळात मनातल्या मनात थ घोळवत होतो. फेलीथेस, पेर्दीथेस, एमोथियोनादो, ग्राथियास. घसा कोरडा पडला म्हणून पेल्यात पाणी ओतून उभा राहिलो, तर शेजारच्या आजींनी पेला हिसकावला. पाण्याने ब्रिंदिस केलं तर अपशकुन होतो म्हणे. त्यांनी स्वतःची वाइन माझ्या हातात दिली.

सुरुवात झकास झाली. 'एमोथियोनादो' ला थ लागला आणि मला चेव आला. आता अस्सल वायादोलिदकरासारखं बोलायचं ठरवलं आणि जिथे स दिसेल तिथे थ ठोकायला लागलो. नवरानवरीकडे बघून भरल्या गळ्याने म्हणालो, 'ओय ओस आबेइस काथादो.'

मांडव शांत.

कासादो म्हणजे विवाहित. काथादो म्हणजे शिकार झालेला. मी म्हणालो होतो, 'आज तुम्ही एकमेकांची शिकार केलीत.' मेक्सिकोत दोन्ही शब्दांचा उच्चार एकच, तिथे कुणाच्या लक्षातही आलं नसतं. मला मात्र वाटलं, लोक भारावलेत. म्हणून म्हण ठेवून दिली: 'एल काथादो, काथा किएरे.' ज्याची शिकार झाली त्याला आता शिकार हवी. नवऱ्याची आई नवरीकडे बघायला लागली. मागच्या टेबलावर कुणाला तरी हसू फुटलं. मालकीणबाई बरोबर आल्या होत्या, त्यांनी रुमालात तोंड लपवलं. काहीतरी बिनसलंय एवढं कळल्यावर मी पेला उंच करून ओरडलो, 'बीबान लोस नोबियोस!' 'बीबान' हसण्यात बुडालं. पुढचं वाक्य आठवेना, म्हणून एकदम शेवटावर उडी मारली: 'के सेआइस फेलीथेस इ कोमाइस पेर्दीथेस!' सुखी होवोत आणि तित्तिर खावोत.

आणि छप्पर उडालं. शिकार, शिकार, आणि शेवटी तित्तिर! लोकांना वाटलं, या भारतीयाने सुरुवातीपासून एकच कोटी बांधत आणली. टाळ्या, पेले, टेबलावर मुठी. नवऱ्याने मला मिठी मारून विचारलं, "हे तुला सुचलं कसं?" मी नम्रपणे खाली बघितलं. उखाणा न घेतलेला माणूस आणखी काय करणार?

केक आल्यावर नवरीचे काका माझी पाठ थोपटत शेजारी येऊन बसले. बराच वेळ भरभर काहीतरी बोलत होते. मी ज्या ठिकाणी 'सी, सी' म्हणायला हवं असं वाटलं त्या ठिकाणी म्हणत गेलो. दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी सांगितलं, काका गावातले नावाजलेले शिकारी आहेत आणि ऑक्टोबरात तित्तिरांचा हंगाम सुरू झाला की पहिल्या रविवारी पहाटे मी त्यांच्याबरोबर रानात जाणार आहे.

मी घरी अंडंही फोडत नाही. काल काकांचा मेसेज आला आहे: बुटाचं माप काय?